दुसऱ्याच्या हातून जेवणाऱ्या मोठ्या माणसाचं पोषण कसं तपासायचं: वजनाची वही आणि जेवताना शेजारी बसणं

डिचोली, साखळी, फोंडा ह्या बाजूला घरोघरी जाऊन बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या माणसांचं खाणंपिणं बघायचं माझं काम आहे. नवीन केअरटेकर लागली किंवा घरातल्या भावजयीने हे काम पहिल्यांदाच अंगावर घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, ह्यांना खायला काय काय देऊ?" मी सांगते ते नंतर बघू, आधी आत्ता जे देताय त्यातलं पोटात किती जातंय ते शोधूया. ते शोधायचं कसं, हे एका घराच्या उदाहरणावरून सांगते, कारण नुसते नियम वाचून हे डोळ्यासमोर येत नाही.

ह्या घरातल्या माणसाला दादा म्हणू. वय 38, सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक अक्षमता, व्हीलचेअरवर असतो, चार-पाच शब्द बोलतो, बाकी सगळं डोळ्यांनी आणि तोंड फिरवून सांगतो. चमचा स्वतः धरता येत नाही. आई 67 वर्षांची, सकाळ-रात्र ती भरवते, दुपारी कामाला येणारी मावशी. मावशी जानेवारीच्या शेवटी लागली होती. मी गेले जुलैमध्ये, आणि बोलावलं होतं ते वजनासाठी नाहीच, "हल्ली फार हट्टी झालाय, जेवताना नाटकं करतो" म्हणून.

पहिलं काम: वजन एकाच पद्धतीने घ्यायचं

घरात वही होती, आणि दर महिन्याचं वजन लिहिलेलं होतं, हे खूपच चांगलं. पुष्कळ घरांत शेवटचं वजन कुठल्या तरी ॲडमिशनच्या कागदावर सापडतं.

व्हीलचेअरवरच्या माणसाला बाथरूमचा काटा उपयोगाचा नाही. ह्यांनी शेजारच्या काजूच्या व्यापाऱ्याकडचा पोती मोजायचा काटा वापरला होता, त्यावर फळी टाकून काटा शून्य करायचा, मग खुर्चीसकट दादाला चढवायचं आणि रिकाम्या खुर्चीचं वजन वजा करायचं. पद्धत बरोबर आहे, फक्त रिकामी खुर्ची दर वेळी नव्याने मोजा, जुना आकडा धरून चालू नका. मार्चमध्ये ह्यांना एकदम 46.9 किलो दिसलं होतं आणि आई खूश झाली, पण खुर्चीच्या मागे पाण्याची बाटली आणि डायपरची पिशवी लटकत होती. दुसऱ्या दिवशी पिशवी काढून परत घेतलं तर 45.6. नशीब मावशीला शंका आली, नाहीतर तो एक चुकीचा आकडा पुढचे तीन महिने सगळ्यांना फसवत राहिला असता.

तर सकाळी नाश्त्याच्या आधी, लघवी-संडास झाल्यावर, पातळ कपड्यांत, तोच काटा, तीच उशी. काटा बरोबर आहे का बघायला ज्याचं वजन पक्कं माहीत आहे असं काहीतरी आधी ठेवा, तांदळाची न फोडलेली गोण चालते. सगळं ठीक असेल तर महिन्यातून एकदा पुरे, काळजी वाटत असेल तर आठवड्यातून एकदा. रोज घेऊ नका, पाणी, बद्धकोष्ठ, भरलेली लघवी ह्यानेच किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं आणि उगाच जीव घाबरतो. पाय सुजलेले असतील तर ते वजनाच्या बाजूला लिहून ठेवा, कारण अंगात साठलेलं पाणी काट्यावर वजन म्हणून दिसतं आणि आत माणूस सुकत चाललेला असतो.

दुसरं काम: मागच्या महिन्याशी नको, सहा महिन्यांपूर्वीशी तुलना करा

वहीत असं होतं. जानेवारी 46.2, फेब्रुवारी 46.0, मार्च 45.6, एप्रिल 45.1, मे 44.4, जून 43.6, जुलै 42.8. प्रत्येक आकड्यापुढे "ठीक" लिहिलेलं. आणि लिहिणाऱ्याचं काही चुकलंही नव्हतं म्हणा, कारण ती दर वेळी मागच्याच महिन्याचा आकडा बघत होती आणि अर्धा-पाऊण किलो कमी झालं तर उन्हाळा होता, पोट साफ नव्हतं, काहीतरी कारण सापडतंच.

आता जानेवारी आणि जुलै शेजारी ठेवा. 46.2 वजा 42.8, म्हणजे 3.4 किलो गेले. 3.4 भागिले 46.2 गुणिले 100, साधारण 7.4 टक्के. फक्त शेवटचे तीन महिने धरले, एप्रिल ते जुलै, तरी 2.3 किलो म्हणजे 5 टक्क्यांच्या वर. वजन कमी करायचा कुणाचा विचार नसताना तीन ते सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून जास्त गेलं तर कारण शोधायलाच हवं, आणि 10 टक्क्यांहून जास्त गेलं तर धोका मोठा, डॉक्टरकडे लगेच. म्हणून वहीत दर वजनापुढे अजून दोन रकाने करा, तीन महिन्यांपूर्वीपासून किती टक्के आणि सहा महिन्यांपूर्वीपासून किती टक्के. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर मिनिटभराचं काम आहे. "ठीक" हा शब्द त्या रकान्यात लिहायचाच नाही.

खरं तर जूनमध्येच हे कळलं असतं, 43.6 ला जानेवारीपासूनची घट 5 टक्क्यांच्या पुढे गेली होती.

कुणीतरी बीएमआय विचारेल. दादाचे गुडघे आणि कंबर वाकलेली, पाठीला बाक, त्याची खरी उंची मोजणार कशी? अशा शरीरात बीएमआयचा आकडा काढला तरी त्यावर विसंबू नका. त्यापेक्षा दंडाचा घेर घ्या. कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंतचा मध्य काढायचा, पेनने खूण करायची, मग हात सैल सोडून तिथे टेप फिरवायची, आवळायची नाही. दर वेळी तोच हात, जो कमी ताठ आहे तो. मोठ्या माणसात 23.5 सेंटिमीटरच्या खाली असेल तर वजन कमी असण्याची शक्यता बरीच. दादाचा 21.5 आला. हा आकडा एकट्याने फार सांगत नाही कारण वापर नसलेल्या हाताचे स्नायू मुळातच बारीक असतात, पण महिन्या-दोन महिन्यांनी परत घेतला की तोही वजनासारखा बोलायला लागतो. ज्यांच्याकडे काटाच नाही त्यांनी निदान हे तरी करा, आणि चड्डीची नाडी किती आत घ्यावी लागते, घड्याळ किंवा कडं सैल झालंय का, हे लिहा.

वजन उलट वाढत असेल तरी हीच वही लागते. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, व्हॅल्प्रोएट अशा गोळ्या चालू झाल्यावर वजन चढणारी माणसं मी बघितलीयत, गोळी कधी सुरू झाली ती तारीख त्याच पानावर लिहा म्हणजे डॉक्टरला जोड लागते.

तिसरं काम: पूर्ण जेवण शेजारी बसून बघायचं

वजन सांगतं की काहीतरी बिघडलंय. काय बिघडलंय ते ताटाशेजारीच कळतं, आणि त्यासाठी पहिल्या घासापासून शेवटपर्यंत बसावं लागतं, मध्ये डोकावून जाऊन चालत नाही. भरवणाऱ्या प्रत्येक माणसाचं एकेक जेवण बघा, कारण प्रत्येकाचा हात वेगळा. आणि ज्याचं जेवण बघायचं त्याला आधी सांगा, "दादा, आज मी तुझ्याबरोबर बसू?" तो माणूस आहे, जेवताना अनोळखी कुणी वही घेऊन टक लावून बघतंय हे कुणालाही आवडणार नाही. मी थोडी बाजूला, त्याला दिसेन अशी बसते आणि पहिल्या दहा मिनिटांत काहीच सुचवत नाही. भरवणाऱ्या बाईलाही सांगते की तुमची परीक्षा नाहीये, रोज करता तसंच करा.

दुपारचं जेवण, 1 वाजून 5 मिनिटांनी सुरू. शीत, पातळ हुमण, काटे काढून कुस्करलेला मासा, बाजूला वाटीभर पेज. मी काय लिहिलं ते सांगते.

आधी बसणं. खुर्चीचं एक पायटेकण मोडलेलं, पाय लोंबकळत, त्यामुळे कंबर पुढे घसरलेली आणि मान मागे टाकलेली. मावशी उभी राहून भरवत होती, चमचा वरून यायचा, तो घ्यायला दादाची हनुवटी अजून वर. हनुवटी वर असताना घास श्वासनळीकडे जायचा धोका वाढतो, तुम्ही स्वतः आढ्याकडे बघत घोटभर पाणी गिळून बघा, किती अवघड जातं ते लगेच कळेल.

मग वेग. कंठ वर जाऊन खाली आला की गिळलं, हे बघायला शिका, हे सगळ्यात उपयोगाचं. मावशीचा दुसरा चमचा पहिला गिळायच्या आधीच तोंडाशी, चमचाही मोठा पोह्यांचा. डाव्या गालात घास साठत होता आणि थोडा थोडा बाहेर येत होता. चौदा मिनिटांत जेवण संपलं. रात्री आईबरोबर त्याच दादाला पंचावन्न मिनिटं लागली, शेवटची वीस मिनिटं दोघंही दमलेली, जेवण गार, आणि त्या वीस मिनिटांत मी मोजले तर सहाच चमचे गेले. अर्ध्या तासाच्या वर जेवण रोज लांबत असेल तर तीही खूणच आहे, गिळायला त्रास होत असेल किंवा माणूस थकत असेल.

मग खोकला आणि आवाज. भाताला खोकला नाही, पेजेच्या दर दोन-तीन चमच्यांना खोकला, डोळ्यांत पाणी. जेवणाआधी त्याला "आई" म्हणायला लावलं होतं तेव्हा आवाज स्वच्छ, पेजेनंतर म्हटलं तर घशात गुळणी असल्यासारखा ओला. हा ओला आवाज लक्षात ठेवा, कारण काही माणसांत घास किंवा पाणी श्वासनळीत गेलं तरी खोकला येतच नाही, आणि मग हाती येतो तो फक्त ओला आवाज, नाहीतर वरचेवर येणारा ताप आणि छातीचा कफ.

इथे पेजेबद्दल थांबून बोलायलाच हवं. आपल्याकडे माणूस आजारी पडला, जेवेना, की पहिली पेज, आणि त्या मायेत काही खोट नाही. पण गिळायला त्रास असलेल्या माणसाला पेज हा सगळ्यात अवघड पदार्थांपैकी एक, कारण त्यात एकाच घासात दोन गोष्टी असतात, पाणी लगेच मागे पळतं आणि शितं तोंडात चघळायची राहतात. चहात बुडवलेला पाव तसाच, पातळ हुमणात कालवलेला मोकळा भातही तसाच. आणि ह्या घरात झालं होतं असं, की मार्चपासून खोकला वाढला म्हणून आईने काळजीने सगळंच अजून पातळ केलं, डाळीत पाणी, पेजेत पाणी, म्हणजे खोकलाही वाढला आणि वाटीतलं अन्नही कमी झालं.

आता ती "नाटकं". सोलकढी थंड दिली की दादा तोंड गच्च मिटून मान उजवीकडे वळवायचा, घास कायम डाव्याच बाजूला घ्यायचा. मी टॉर्च लावून बघितलं तर उजवीकडच्या मागच्या दाढेला मोठी कीड. ज्याला दुखतंय हे शब्दांत सांगता येत नाही त्याचं दुखणं "हट्ट" म्हणून खपून जातं, हे इतकं वेळा होतं की मी आता वागण्यात अचानक बदल झाला म्हटलं की आधी तोंड, कान आणि पोट बघायला सांगते.

चौथं काम: वाढलेलं आणि गेलेलं वेगवेगळं मोजा

मावशीच्या वहीत दुपारच्या जेवणापुढे रोज "सगळं जेवला" असं होतं. ती खोटं लिहीत नव्हती, ताट खरंच जवळजवळ रिकामं व्हायचं. स्वयंपाकघरातला छोटा काटा घ्या आणि एक दिवस असं करा, वाढलेलं ताट मोजा, जेवण झाल्यावर ताटात उरलेलं मोजा, आणि लाळेरं, टॉवेल, मांडी, जमीन इथलं सगळं सांडलेलं चमच्याने गोळा करून तेही मोजा. लाळेरं आधी कोरडं मोजून ठेवायचं.

त्या दुपारी अन्न वाढलं होतं 320 ग्रॅम. ताटात उरलं 60. सांडलं 85. पोटात गेलं 175, म्हणजे अर्ध्याहून थोडंसंच जास्त. लाळेत भिजल्यामुळे सांडलेल्याचा आकडा थोडा जास्त येतो हे खरं, पण तेवढं धरूनही चित्र बदलत नाही.

हे तीन दिवस करा, त्यातला एक रविवार असू दे, कारण रविवारी घरात जेवण वेगळं आणि भरवणारा हातही बहुतेक वेगळा. पाणी, चहा, पेज किती मिलिलिटर गेलं तेही लिहा, लघवी गडद पिवळी आणि कमी होत असेल तर पाणीही पुरत नाहीये. चतुर्थीचे दिवस किंवा घरात लग्न असेल तर ते तीन दिवस धरू नका.

पाचवं काम: कुणाकडे जायचं आणि घरी काय बदलायचं

खोकला, ओला आवाज, वजन, हे सगळं दिसलं म्हणून आपण रोगनिदान करायचं नाही. आपल्या पीएचसीच्या डॉक्टरकडून गिळण्याच्या तपासणीसाठी स्पीच थेरपिस्टकडे रेफरल मागा आणि दाढेसाठी डेंटिस्ट. डॉक्टर थायरॉइड, रक्त, शुगर, बद्धकोष्ठ, ॲसिडिटी हेही बघतील, गोळ्यांची पूर्ण यादी न्या, टोपिरामेटसारख्या फिट्सच्या गोळीने भूक मरू शकते आणि काही गोळ्यांनी जेवायच्या वेळी झोप येते. गोळी स्वतः बंद करू नका. पाणी घट्ट करायची पावडरही थेरपिस्टने सांगितल्याशिवाय सुरू करू नका, किती घट्ट हे माणसागणिक ठरतं, आणि ती आवडली नाही की माणूस पाणीच कमी पितो. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉइड आणि सीलिॲक, म्हणजे गहू न सोसण्याचा आजार, ह्यांची तपासणी मुद्दाम विचारा, आणि चाळिशीनंतर वजन उतरायला लागलं, भरवलेला घास तोंडात धरून विसरल्यासारखं व्हायला लागलं, तर स्मृतिभ्रंशाची सुरुवातही असू शकते.

अपॉइंटमेंट मिळेपर्यंत दादाच्या घरी जे बदललं ते असं. पायटेकण दुरुस्त होईपर्यंत पायाखाली लाकडी पाट. मावशीने त्याच्यासमोर खुर्चीवर बसून भरवायचं, डोळ्याला डोळा, चहाचा चमचा, कंठ हलला की मगच पुढचा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पेज बंद, त्याजागी नाचणीचं घट्ट तिजान, आणि मऊभात घट्ट वरणात एकजीव करून, त्यात चमचाभर तूप, एका चहाच्या चमच्यात साधारण 45 कॅलरी असतात, तेवढ्यासाठी पाणचट पेज बरीच प्यावी लागली असती. हुमण नारळाच्या जाड रसाचं. आणि तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच छोटी, म्हणजे पंचावन्न मिनिटांची रात्र संपली. एका वेळी सगळं बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही हे मला माहीत आहे, पण बसणं आणि वेग ह्यासाठी थांबायचं कारण नव्हतं.

एक सावधानी. कुणी पाच दिवसांहून जास्त जवळजवळ काहीच खाल्लेलं नसेल तर घरी भराभर खायला घालायला जाऊ नका, रक्तातले क्षार एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं, तिथे डॉक्टरच हवा.

पहिल्या चार आठवड्यांत वजन 42.8, 42.6, 42.9, 43.1. दुसऱ्या आठवड्यात आईचा फोन, "ताई, अजून उतरलं गो!" मी म्हटलं काकी, दोनशे ग्रॅमवर काही ठरवू नका, चार आठवडे होऊ देत. दाढ काढल्यावर सोलकढी परत सुरू झाली, ती आता स्पीच थेरपिस्टने सांगितली तेवढी घट्ट करून. ऑक्टोबरमध्ये 44.2. जानेवारीचं 46 अजून आलेलं नाही, दंड 22 वर आहे.

कशासाठी थांबायचं नाही

घास अडकून श्वास घेता येत नसेल, ओठ निळे पडत असतील तर लगेच 108, आणि गाडी येईपर्यंत पुढे वाकवून पाठीत खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात पाच थापा, नाही निघालं तर पोटावर दाब, हे आधीच कुणाकडून तरी हाताने शिकून ठेवा. जेवणानंतर ताप, श्वास जोरात, कफ वाजतोय, तर त्याच दिवशी डॉक्टर. दिवसभर पाण्याचा घोटही घेत नसेल तरी त्याच दिवशी. आठवड्यात दोन किलो गेलेले दिसले तर आधी परत मोजा, खुर्ची तपासा, तरी तेच आलं तर थांबू नका.

डॉक्टरकडे जाताना तोंडी "जेवत नाही" सांगण्याऐवजी वजनाचं पान, तीन दिवसांचे मोजमाप आणि शक्य असेल तर, दादाला विचारून काढलेला, दोन मिनिटांचा जेवतानाचा मोबाईल व्हिडिओ न्या. आमच्या मावशीची वही आता अशी असते: "दुपार. वाढलं 290, उरलं 30, सांडलं 20. वेळ 24 मिनिटं. खोकला एकदा, पाण्याला. आवाज स्वच्छ. दोनदा तोंड फिरवलं, थांबले, मग स्वतः तोंड उघडलं."